तिसरी खुर्ची की दोन मिनिटं?

प्रश्न: आयब्रो आणि वॅक्सिंगचा माझा दोन खुर्च्यांचा एक्सप्रेस स्टुडिओ आहे. शनिवार-रविवारी ५ ते ८ या वेळात ४५ जणी येतात, पण ३६ जणींचंच काम उरकतं. बाकीच्या कंटाळून परत जातात. एरवी खुर्च्या निम्म्या रिकाम्या असतात. कर्ज काढून तिसरी खुर्ची टाकू आणि एक मुलगी ठेवू का? दर वाढवायचे नाहीत.

उत्तर: आत्ता नको. तुमची अडचण आठवड्यातल्या सहा तासांची आहे. हप्ता आणि पगार मात्र सगळे दिवस चालू राहणार. कमी दराच्या धंद्यात हे अंगावर येतं.

दोन खुर्च्या, तीन तास म्हणजे ३६० मिनिटं. त्यात ३६ जणी, म्हणजे एकीला दहा मिनिटं. हीच वेळ आठवर आणलीत तर ४५ जणी बसतात, अगदी परत जाणाऱ्यांसकट. पण ही दोन मिनिटं दोऱ्यातून काढू नका. घाईत एक भुवई पातळ झाली की ती बाई महिनाभर आरशात बघून तुमचीच आठवण काढणार, आणि चांगली नाही.

एका शनिवारी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसा. दोरा प्रत्यक्ष चालतो तो वेळ वेगळा मोजा आणि खुर्ची नुसती अडलेली असते तो वेगळा. बहुधा थ्रेडिंग करणारीच उठून पैसे घेत असेल, सुट्टे शोधत असेल, मग कात्री-चिमटा पुसत असेल. पैसे दारातच, बसण्याआधी घ्या. कात्री-चिमट्याचे दहा-बारा संच घ्या. वापरलेला संच थेट धुण्याच्या डब्यात टाकायचा आणि जंतुनाशकात ठरलेला वेळ बुडवूनच परत काढायचा. हा खर्च एकदाचा आहे, खुर्चीपुढे किरकोळ.

दोरा प्रत्येकीला नवा, आणि त्याचं टोक तोंडात न धरता गळ्याभोवती अडकवलेलं. वॅक्सच्या भांड्यात एकदा त्वचेला लागलेली पट्टी परत बुडवायची नाही. लाकडी पट्ट्या वाचवून कोणी श्रीमंत झालेलं मी पाहिलं नाही, पण एकीच्या ओठावर पुरळ आलं की चार जणी तुटतात.

खरी गळती मला वॅक्सिंगमध्ये दिसते. पूर्ण पायांना ४० मिनिटं लागत असतील, तर गर्दीच्या वेळी तेवढ्यात पाच आयब्रो झाल्या असत्या. तुमच्या दरपत्रकात पायांचा दर पाच आयब्रोंएवढा आहे का? नसेल, तर ५ ते ८ मध्ये फक्त आयब्रो आणि अप्पर लिप घ्या. पाय-हात दुपारी, वेळ ठरवून. सवलत द्यायचीच असेल तर तीही दुपारीच द्या. संध्याकाळी दर उतरवून जागा नसलेल्या खुर्चीसाठी रांग वाढवण्यात काय अर्थ?

चार आठवडे असं चालवा. आठ मिनिटांवर येऊनही बायका परत जात असतील, तर साधी खुर्ची शिल्लकीतून घ्या आणि फक्त त्या दोन संध्याकाळी कमिशनवर येणारी मुलगी बघा. कर्जाची फाइल तोवर उघडू नका.