डोज-चीम्सचा मीम जमत का नाही? (जुनी पिढी विरुद्ध नवी पिढी)

प्रश्न: आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकायला तो बॉडीबिल्डर कुत्रा आणि रडवा कुत्रा वाला मीम बनवला. डावीकडे "१९८५ ची मुलं: ५ किलोमीटर चालत शाळा, मास्तरांचा मार, घरी शेतात काम, तरी फर्स्ट क्लास". उजवीकडे "आत्ताची मुलं: मोबाईल, पिझ्झा, डिप्रेशन". आमच्या बॅचवाल्यांनी अंगठे दाखवले, नंतरच्या बॅचची पोरं भांडायला उठली, हसलं मात्र कोणीच नाही. काय चुकतंय?

उत्तर:

पहिली गोष्ट उजव्या कुत्र्याची, कारण तुमच्या मीममध्ये त्याला बोलायलाच मिळालेलं नाही. हा मीम आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणजे डावा दणकट कुत्रा फक्त तयारी करून देतो आणि हसू फुटायचं ते उजवीकडच्या ओळीवर. तुम्ही सगळा जीव डावीकडे ओतलाय, चार चार पराक्रम लिहिलेत, आणि उजवीकडे नुसती तीन नावं ठेवलीत. त्या जागी पोराच्या तोंडची एक ओळ हवी, तो काय म्हणतोय ते ऐकू आलं पाहिजे. "मोबाईल, पिझ्झा, डिप्रेशन" हे पोराच्या तोंडचं बोलणं नाही, पोराबद्दल दुसऱ्याने केलेली तक्रार आहे, म्हणून ते वाचून पोरं चिडतात आणि मोठी माणसं मान डोलावतात, पण हसू येत नाही.

हे कुत्रे मुळात कोण आहेत ते माहीत असलं की हे जास्त पटतं. दणकट शरीरावर जो चेहरा चिकटवलाय तो जपानमधल्या काबोसू नावाच्या शिबा इनू कुत्रीचा. तिची मालकीण बालवाडीत शिकवायची, तिने २०१० मध्ये आपल्या ब्लॉगवर फोटो टाकले आणि त्यातला तो तिरक्या नजरेचा फोटो पुढे डोज म्हणून जगभर गेला. उजवीकडचा चीम्स म्हणजे हाँगकाँगमधला बॉल्टझी, तोही शिबा इनूच, त्याचा तो अंग आखडून बसलेला फोटो २०१७ चा. दोघांना असं शेजारी शेजारी उभं करायची पद्धत २०२० मध्ये जोरात पसरली. बॉल्टझी ऑगस्ट २०२३ मध्ये गेला आणि काबोसू मे २०२४ मध्ये, आणि दोन्ही वेळेला लोक खरंच हळहळले होते, मीही त्यातलाच. चीम्सचा राग कोणालाच येत नाही, तो घाबरट आहे पण गोड आहे, आणि मला वाटतं हा मीम इतका टिकला त्याचं मोठं कारण हेच. याच्या आधी व्हर्जिन म्हणजे दुबळा आणि चॅड म्हणजे दणकट अशा दोन माणसांचे मीम होते, त्यात दुबळ्या माणसाकडे तुच्छतेने बघितलं जायचं, चालतो कसा, उभा कसा राहतो, सगळ्यावर बाण मारून मारून लिहिलेलं असायचं. चीम्समध्ये तो विखार नाही. आपण सगळेच कधी ना कधी उजवीकडे बसलेले असतो. तुम्ही कुत्रे चीम्सचे घेतलेत पण मजकूर व्हर्जिन-चॅडच्या वळणाचा लिहिलात, तिथे गाडी घसरली.

अजून एक, कारण याने रचना नीट कळते. दणकट आणि हडकुळा शेजारी दाखवायचं हे फार जुनं आहे, अमेरिकेत चार्ल्स ॲटलसच्या व्यायामाच्या कोर्सच्या जाहिराती कित्येक दशकं कॉमिक्समध्ये छापून यायच्या, समुद्रकिनाऱ्यावर हडकुळ्या पोराच्या अंगावर कोणीतरी वाळू उडवतो, मग पोरगा कोर्स करतो आणि दणकट होऊन परत येतो. तिथे काळ हडकुळ्याकडून दणकटाकडे जातो, कारण कोर्स विकायचाय. आपल्या मीममध्ये काळ उलटा, आधी दणकट मग दुबळा. त्यामुळे वाचणारा दोन्ही चित्रात एकच माणूस शोधतो, तोच विद्यार्थी, तोच क्रिकेटवाला, तोच नोकरदार, फक्त काळ बदललेला. म्हणून परिस्थिती दोन्हीकडे अगदी तीच ठेवायची आणि एकच गोष्ट बदलायची. तुमच्या डावीकडे चालणं, मार, शेती, मार्क असे चार विषय आहेत आणि उजवीकडे त्यातला एकही नाही, मग डोळ्याला तुलना करायला काही सापडतच नाही.

आता तुमचाच विषय घेऊन करून दाखवतो. शाळेचा ग्रुप आहे तर दहावीचा निकाल घ्या, तो सगळ्यांनी भोगलाय. चार विषयातला एकच ठेवायचा, मार्क. पण नुसते मार्क ठेवले तर पुन्हा भांडण, कारण ती तुलना धड होतच नाही. ८५ साली साठ टक्क्याला फर्स्ट क्लास म्हणजे घरात सण होता, आता शंभरपैकी वीस मार्क शाळेच्या हातात असतात, वर बेस्ट ऑफ फाईव्ह, म्हणजे सर्वात कमी मार्कांचा विषय टक्केवारीतून गळतो. कोणीतरी हे काढणारच आणि खाली पन्नास मेसेज पडणार. म्हणून मार्कांची तुलना नको, मार्क कळल्यावर घरात काय होतं त्याची करा. त्यासाठी दोन्हीकडे असेल अशी एक वस्तू लागते, निकालाच्या दिवशी ती आपोआप मिळते, पेढे.

डावीकडे वर लेबल "१९८५ चा दहावीवाला", खाली "६१ टक्के पडले, आईने गल्लीभर पेढे वाटले". उजवीकडे वर "आत्ताचा दहावीवाला", खाली "९४ पडलेत, आई पेढे नको ना आणू, समोरच्या आर्याला ९६ आहेत".

यात डाव्या कुत्र्याने काही मोठं केलेलंच नाही, त्याला ६१ च पडलेत, तो दणकट दिसतो तो त्याच्या बिनधास्तपणामुळे. आणि उजव्याचं रडणं पोरांना स्वतःला ओळखीचं आहे, अकरावीची यादी लागते तेव्हा ९४ वाल्याच्या पोटात खरंच गोळा येतो. त्याच्यावर आरोप कोणी करत नाहीये, त्याचंच बोलणं त्याला ऐकवलंय, म्हणून तोही हसतो आणि आईला फॉरवर्ड करतो. दोष कोणाचा हे मीम सांगत नाही, वाचणारा मनात आकडे बघतो आणि त्याला समजतं की कमी मार्कवाला सुखात आहे आणि जास्त मार्कवाला रडतोय. तो उलटा हिशोब हाच विनोद आहे. चीम्सचं रडणं नेहमी असं लहानशा गोष्टीचं हवं. डिप्रेशन तिथे चालत नाही ते याचसाठी, तो आजार आहे, ग्रुपवर कोणाच्या घरात तो असेल, आणि खऱ्या दुखण्यावर मीम ठेवला की तिथे फक्त राग उरतो.

दुसरा धोका खरेपणाचा. अतिशयोक्ती चालते, खोटं चालत नाही. मागे एक फिरत होता, जुना सायन्सवाला लॉग टेबल बघून गणितं सोडवतोय आणि नवा कॅल्क्युलेटर हरवला म्हणून रडतोय. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीला कॅल्क्युलेटर नेऊ देत नाहीत, पोरं अजून लॉग टेबलच वापरतात, त्यामुळे ज्यांना टोमणा मारायचा त्यांनीच पहिल्या मिनिटाला तो पाडला. उलट प्रोग्रामर लोकांचा तो प्रसिद्ध मीम बघा, डावीकडे जुना प्रोग्रामर साधारण ४ केबी मेमरीत माणूस चंद्रावर पाठवतोय, उजवीकडे आत्ताचा एका एडिटरमधून बाहेर कसं पडायचं विचारतोय. अपोलोच्या कॉम्प्युटरची कामाची मेमरी, म्हणजे रॅम, खरंच तेवढीच होती, दोन दोन बाइटचे २०४८ शब्द. तुलना अन्यायाचीच आहे, १९६९ चं ते काम एमआयटीतल्या मोठ्या टीमने कित्येक वर्षं राबून केलेलं, आणि समोर एका नवशिक्याची एका दुपारची अडचण ठेवलीय. पण हा मीम बनवतात आणि पसरवतात ते प्रोग्रामरच, म्हणजे उजवीकडे ते स्वतः बसतात, म्हणून अन्याय चालून जातो. जुन्यातला सर्वात भारी माणूस आणि नव्यातला साधा क्षण, ही जोडी अशा बहुतेक मीममध्ये असते. आपल्या जातभाईने लावली तर मजा वाटते, बाहेरच्याने लावली तर टोचते. तुमच्या ग्रुपवर ८५ ची बॅच नंतरच्यांवर लावत होती.

यावरून विषय निवडायची एक गोष्ट सांगतो, ही फारशी कोणी सांगत नाही. २०१९ मध्ये प्रोत्झ्को आणि स्कूलर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या मोठ्या माणसांवर अभ्यास केला होता, "आजकालची पोरं" ही तक्रार कुठून येते त्यावर. निघालं असं की माणूस ज्या गोष्टीत स्वतः चांगला असतो त्याच गोष्टीत त्याला नवी पिढी जास्त घसरलेली दिसते. भरपूर वाचणाऱ्याला वाटतं पोरं वाचत नाहीत, मोठ्यांचा मान राखणाऱ्याला वाटतं पोरं मान ठेवत नाहीत. शिवाय आपल्या लहानपणची पोरं आठवताना आपण आत्ताचे स्वतः जसे आहोत तशी ती सगळी होती असं धरून चालतो. आता ग्रुपवर निवृत्त शिक्षक असतील आणि तुम्ही वाचनावर मीम टाकलात तर ते हसणार नाहीत, ते सहमत होतील, आणि सहमत झालेला माणूस भाषण टाकतो. मग खाली पुस्तकांची यादी येते, संस्कार येतात, आणि पोरं ग्रुप म्यूट करतात. म्हणून ग्रुपमधल्या मोठ्यांना ज्याचा अभिमान आहे ते विषय टाळा. शिस्त, वाचन, कष्ट बाजूला ठेवा. पेढे, डबा, सहलीची परवानगी, कंपास पेटी हरवणं, असलं घ्या, त्यात कोणाला आपण थोर होतो असं वाटत नाही.

लिहिण्याबद्दल थोडं. इंग्रजीत चीम्स शब्दाशब्दात म घुसवून बोलतो, काही जण मराठीतही तसं करतात, मला ते आवडत नाही, देवनागरीत ते वाचताच येत नाही. त्यापेक्षा "ना", "गं", "नको ना" एवढ्याने तो रडवा सूर येतो. पार्श्वभूमी पांढरी असते तर काळी जाड अक्षरं साधी ठेवा, बाहेरून जाड कड लावली की मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात आणि व्हॉट्सॲपने फोटो दाबला की लगदा होतो. एका कुत्र्याखाली दोन ओळी बास, तिसरी लागली तर विषय दोन झालेत असं समजा.

आणि टाकायच्या आधी डावा भाग हाताने झाकून फक्त उजवा वाचा, शक्यतो घरातल्या एखाद्या दहावी-अकरावीच्या पोराला दाखवून. तो "हे मी परवाच बोललो" म्हणाला तर टाका. "असं कोण बोलतं?" म्हणाला तर त्याला विचारा की मग तुम्ही काय बोलता, आणि तो जे सांगेल ते तसंच्या तसं उजवीकडे लिहा.