‘क्लबिंग’ला मराठीत काय म्हणावं?

*‘बाबांच्या तपासणीच्या कागदावर “क्लबिंग प्रेझेंट” असं लिहिलंय. आमच्या गोव्यात क्लबिंग म्हणजे रात्री बागा-कळंगुटला नाचायला जाणं! बोटांशी याचा संबंध काय, याला मराठी शब्द आहे का, आणि बोटं अशी होतात तरी कशाने?’*

इंग्रजीत क्लब म्हणजे मुळात टोकाला जाड होत जाणारा सोटा. बागा-कळंगुटचा क्लब ही त्याच शब्दाची फार पुढची फांदी. तालमीतला मुद्गल डोळ्यांसमोर आणा, बोटाचा आकार नेमका तसाच होतो. म्हणून ‘मुद्गराकार बोटं’ हा प्रतिशब्द अर्थाला चपखल बसतो, फक्त पंचाईत अशी की आजकाल मुद्गल पाहिलेली माणसं कमी. काही इंग्रजी पुस्तकांत या बोटांना ढोल बडवायच्या दांड्याची उपमा दिलेली असते. त्या ‘ड्रमस्टिक’चं भाषांतर ‘शेवग्याची शेंग’ असं केलेलं मी वाचलंय, ते कृपया उचलू नका. शेंग टोकाला निमुळती होते, इथे उलट आहे.

मी फोंड्यात बरीच वर्षं एक्स-रे काढायचं काम केलं, त्यामुळे अशी बोटं पुष्कळ पाहिली. बाजूने पाहिलं की कळतं. निरोगी बोटात नख जिथून निघतं तिथे किंचित खोलगट कोन असतो, साधारण 160 अंशांचा. क्लबिंगमध्ये ती खोली भरून येते आणि कोन 180 अंशांच्या पुढे जातो. नखाचं मूळ दाबलं तर स्पंजसारखं लागतं, आणि नख घड्याळाच्या काचेसारखं फुगीर होतं. घरच्या घरी पाहायचं तर दोन्ही हातांच्या एकाच बोटाची नखं पाठीला पाठ लावून उजेडात धरा. मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसली पाहिजे. ती नसेल तर शंका घ्यावी. ही युक्ती लिओ शॅमरॉथ या दक्षिण आफ्रिकेच्या हृदयरोगतज्ज्ञाची. हृदयाच्या झडपांचा संसर्ग झाला तेव्हा स्वतःच्याच बोटांत हा बदल त्यांनी पाहिला आणि 1976 मध्ये लिहून ठेवला.

आता कारण. रक्तातल्या प्लेटलेट हाडांच्या मगजातल्या राक्षसी आकाराच्या पेशींपासून बनतात. यातल्या काही पेशी अख्ख्याच रक्तात येतात आणि फुप्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांत अडकून त्यांचे तुकडे होतात, म्हणजे फुप्फुस जणू गाळणी. ही गाळणी बिघडली किंवा रक्त तिला वळसा घालून गेलं, की त्या पेशी आणि प्लेटलेटच्या गुठळ्या थेट बोटांच्या टोकांशी जाऊन अडकतात. तिथे त्या वाढीला चालना देणारी द्रव्यं सोडतात, नखाखाली नव्या रक्तवाहिन्या आणि तंतू वाढतात, द्रव साठतो, नख उचललं जातं. 1987 मध्ये मांडलेला हा सिद्धांत आज सर्वाधिक मानला जातो, पण सगळं त्यात बसत नाही. दुसरा धागा प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच तयार होणाऱ्या द्रव्याचा. हे द्रव्य मोडणाऱ्या विकराच्या जनुकात दोष असलेल्या कुटुंबांत जन्मजात क्लबिंग सापडलं, 2008 साली. हे द्रव्य मोडण्याचं बरंचसं कामही फुप्फुसच करतं.

‘ऑक्सिजन कमी पडतो म्हणून बोटं फुगतात’ हे सोपं उत्तर मात्र अपुरं आहे. बिडी-सिगारेटने होणाऱ्या सीओपीडी या फुप्फुसाच्या आजारात ऑक्सिजन कितीही खाली गेला तरी निव्वळ त्या आजाराने क्लबिंग होत नाही. साध्या दम्यातही नाही.

हे मला डिचोलीच्या एका गृहस्थांमुळे पक्कं लक्षात राहिलं. साठीचे, जन्मभर बिडी ओढलेले, सगळे म्हणत ‘बिडीचा दमा’. प्लेट हातात धरायला दिली तर बोटांची टोकं जांभळासारखी गोल. डॉक्टरांनी ती पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘सकाळी कफ किती पडतो?’ ‘अर्धा पेला,’ ते म्हणाले, ‘लहानपणी डांग्या खोकला झाला तेव्हापासून.’ एक्स-रेत फारसं काही नव्हतं, सीटीत मात्र खालच्या भागात श्वासनळ्या रुंदावून पुंगळ्यांसारख्या दिसल्या. ब्राँकिएक्टॅसिस. बिडी होतीच, पण बोटं तिची नव्हती. धूम्रपान करणाऱ्यात नव्याने क्लबिंग दिसलं तर डॉक्टर आधी फुप्फुसाचा कर्करोग नाही ना, हे पाहतात, तसं त्यांचंही पाहिलं होतं.

फुप्फुसाच्या आजारांपैकी ब्राँकिएक्टॅसिस आणि कर्करोग हे दोन, फुप्फुसात चट्टे पडून ते ताठरत जाणारा फायब्रोसिस, अ‍ॅस्बेस्टॉसिस, सिस्टिक फायब्रोसिस आणि दीर्घकाळ साठलेला पू यांच्याशी क्लबिंगचं नातं घट्ट आहे. पू साठलेल्या छातीच्या रोग्याची बोटं हिपोक्रेटिसनेच टिपली होती, म्हणून जुन्या पुस्तकांत ‘हिपोक्रेटिसची बोटं’ असंही नाव सापडतं. जन्मजात हृदयदोष, यकृताचे वा आतड्याचे काही आजार यांतही ते दिसतं, क्वचित घराण्यात निव्वळ वारशाने येतं. म्हणून बाबांना आधी एवढंच विचारा, बोटं पहिल्यापासून अशी आहेत की अलीकडे झाली? जुना फोटो असेल तर तोही डॉक्टरांना दाखवा.

शब्दाचं म्हणाल तर लेखात ‘मुद्गराकार बोटं’ लिहा, घरात बोलताना ‘बोटांची टोकं फुगलीत’ म्हणा. ‘सुजलीत’ नको. सूज म्हटलं की लोक हळद लावून मोकळे होतात.