ज्ञानरचनावाद शिकवायचा तर आधी बल्ब पेटवायला द्या

प्रश्न: छात्राध्यापकांना ज्ञानरचनावाद समजावायचा आहे. व्याख्या पाठ होते, पण पाठ घेताना सगळे पुन्हा सांगतच सुटतात. एखादी ठोस कृती आणि चिंतनासाठी छोटे प्रश्न सुचवाल का?

उत्तर: व्याख्या आधी सांगूच नका. पहिल्या तासाला छात्राध्यापकांना विद्यार्थी करा, आणि असा विषय घ्या ज्याबद्दल त्यांची स्वतःची पक्की पण चुकीची समजूत आहे. त्यासाठी साधं विद्युत परिपथ उत्तम.

दोघांत मिळून १.५ व्होल्टचा एक सेल, टॉर्चचा २.५ व्होल्टचा एक बल्ब आणि वीतभर तार, एवढंच द्यायचं. होल्डर अजिबात नको, कारण विचार करण्याचं निम्मं काम तोच करून टाकतो. एलईडीही नको, तो एका सेलवर बहुधा पेटत नाही आणि उलटा जोडला तर मुळीच नाही, त्यामुळे बरोबर जोडणीही चुकीची वाटते. तारेची टोकं खरवडलेली हवीत. प्रत्येक बल्ब आदल्या दिवशी लावून पाहा.

साहित्य वाटण्याआधी पाच मिनिटं प्रत्येकाने एकट्याने, न बोलता, बल्ब पेटेल अशी जोडणी कागदावर काढायची आणि ती का पेटेल हे एका ओळीत लिहायचं. ही पायरी गाळू नका. पदवीधरही सेलच्या एका टोकापासून बल्बच्या बुडापर्यंत एकच तार काढतात, कारण वीज नळाच्या पाण्यासारखी ‘येते’ अशी समजूत मनात असते. ती कागदावर उतरली नाही, तर नंतर प्रत्येकाला वाटतं की आपल्याला हे आधीच माहीत होतं.

मग वीस मिनिटं करून पाहणं. प्रत्येक जोडणीचं चित्र आणि पुढे ‘पेटला’ किंवा ‘नाही’. एक सूचना मात्र स्पष्ट द्या: तार गरम लागली की लगेच सोडा. सेलची दोन्ही टोकं नुसत्या तारेने जोडली गेली की तार तापते आणि सेल संपतो.

अडलेल्या जोडीला उत्तर देऊ नका, पण वाऱ्यावरही सोडू नका. आधी विचारा, ‘बल्बला धातूचे वेगवेगळे भाग किती?’ तरी जमलं नाही तर, ‘यातला कुठला भाग अजून कशालाच टेकलेला नाही?’ बहुतेकांना इथे वाट सापडते: बुडाचं टोक सेलच्या एका टोकावर टेकवायचं आणि तार सेलच्या दुसऱ्या टोकापासून बल्बच्या धातूच्या बाजूला. पेटलेल्या आणि न पेटलेल्या जोडण्या फळ्यावर शेजारी काढा आणि फरक त्यांनाच शोधू द्या. सेलच्या दोन जागा, बल्बच्या दोन जागा, हे त्यांच्या तोंडून आलं की मगच बल्बच्या आतली जोडणी दाखवा: फिलामेंटचं एक टोक बुडाशी, दुसरं बाजूच्या धातूशी.

आता सिद्धांत सांगा. जुन्या समजुतीत नवा अनुभव बसवायचा प्रयत्न म्हणजे पियाजेचं सात्मीकरण. तो बसेना म्हणून समजूतच बदलणं म्हणजे समायोजन. तुम्ही विचारलेले दोन प्रश्न म्हणजे वायगॉट्स्कीच्या समीपस्थ विकास क्षेत्रातली मदत: एकट्याला न जमणारं, थोड्या आधाराने जमणारं. अर्ध्या तासापूर्वीच हे घडलेलं असल्याने शब्दांना धरायला काहीतरी असतं.

समजूत खरंच बदलली का, हे नव्या प्रसंगातच कळतं. दोन सेल आणि दोन सारखे बल्ब एकापाठोपाठ जोडायचे असं सांगून विचारा: कुठला जास्त उजळेल? ‘पहिला, कारण तो आधी वीज घेतो’ असं उत्तर आलं तर नळाची कल्पना अजून जिवंत आहे. बल्ब तंतोतंत सारखे नसतात, एखादा मंद दिसतो आणि वर्ग म्हणतो, ‘बघा!’ तेव्हा बल्बांच्या जागा बदलायला लावा. मंदपणा बल्बाबरोबर गेला, तर दोष जागेचा नाही.

चिंतनासाठी चार प्रश्न पुरे, उत्तरं दोन-तीन ओळींत:

- माझं पहिलं चित्र काय गृहीत धरत होतं?
- कुठल्या क्षणी ते गृहीतक अडलं?
- मला मिळालेल्या सूचनेने विचार पुढे नेला की संपवला?
- माझ्या पुढच्या पाठात विद्यार्थ्यांची कुठली समजूत मी आधी कागदावर काढून घेईन?

शेवटच्या प्रश्नाला ‘गटकार्य घेईन’ असं उत्तर आलं तर कागद परत करा. गट, तक्ते, साहित्य हे सगळं असूनही पाठ निव्वळ सांगण्याचा असू शकतो. आणि उलटही लक्षात आणून द्या: सेलचं चिन्ह किंवा ‘व्होल्ट’ हे एकक कुणी शोधून काढू शकत नाही, ते ठरलेले संकेत आहेत. ते सरळ सांगावेत, त्यासाठी कृती रचत बसू नये.