लग्नात टेबलवार बसवायचं, घरं न फोडता: यादी कशी करावी?

प्रश्न: नागपूरला बहिणीचं रिसेप्शन आहे. जवळच्या पाहुण्यांना टेबलवर बसवून वाढायचं आहे. आजी व्हीलचेअरवर आहे, दोन काका बोलत नाहीत. कोणाला कुठे बसवायचं याचा तक्ता कसा करू?

उत्तर: मागच्या मे महिन्यात मी हेच केलं. बाकीच्यांना बुफे, फक्त 44 जणांना पंगत. डेकोरेटरकडे सहा फुटी गोल टेबलं होती, एकावर दहा जण बसतात (पाच फुटी असेल तर आठच धरा). अशी पाच मिळाली.

शीटमध्ये एका ओळीत एकच माणूस लिहा. 'जोशी परिवार, 6' असं लिहिलंत तर पुढे सगळं अडतं. रकाने चारच: A नाव, B घर, C टेबल, D गरज. मग E2 मध्ये हे टाकून खाली ओढा:

```
=COUNTIFS(B:B,B2,C:C,"<>"&C2)
```

शून्य आलं म्हणजे ते घर एकत्र आहे. आकडा आला तर तितके घरचे दुसरीकडे गेलेत किंवा त्यांना टेबलच दिलेलं नाही.

घरं अशी होती: वर्ध्याचे व्याही 9, मामा 8, मावशी 7, मोठे काका 6, धाकटे काका 5, आत्या 4 आणि भावाचे मित्र 5. मोठ्या घरापासून भरत गेलो. व्याही, मामा, मावशी यांना एकेक टेबल, मोठे काका आणि आत्या मिळून दहा, धाकटे काका आणि मित्र मिळून दहा. भांडणारे काकाही वेगळे झाले. मी खूश.

मग गरजेचा रकाना वाचला. आमची आजीही व्हीलचेअरवर, आणि राहते मोठ्या काकांकडे. व्हीलचेअर दोन खुर्च्यांची जागा खाते, म्हणजे त्या टेबलवर नऊच माणसं. आत्याचं घर बाहेर! चौघांची जागा दुसरीकडे कुठेच नव्हती. शेवटी मित्र फोडले: तिघं मावशीकडे, दोघं मामाकडे. आत्या गेली धाकट्या काकांच्या टेबलवर. मित्रांच्या ओळीत 2 आणि 3 दिसत राहिले, ते मुद्दाम तसेच ठेवले. एखादं घर फोडायचीच वेळ आली तर तरुण मंडळी फोडा, लेकुरवाळं घर नाही.

म्हणून गरजा आधी भरा, माणसं नंतर. आणि टेबलांना नंबर हॉल बघूनच द्या. आजीचं टेबल रॅम्पच्या दाराशी हवं, त्यातल्या दोन खुर्च्या आधीच काढून ठेवायला सांगा. मामांना जेवणाआधी इन्सुलिन लागतं, म्हणून वाढायला सुरुवात होते तिथलं टेबल त्यांना दिलं. मावसोबांच्या कानाला यंत्र आहे, त्यांना स्पीकरपासून लांब बसवलं आणि कूलरपासूनही. नागपूरच्या मे महिन्यात कूलरजवळची जागा सगळ्यांनाच हवी असते, पण त्या घरघरीत त्यांना काही ऐकू येत नाही.

आजीच्या टेबलवर तीन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. भरून टाका, असं बाबा दोनदा म्हणाले. मी नाही भरल्या. रात्रभर आजीच्या पाया पडायला येणारा जो तो तिथेच टेकत होता, धाकटे काकाही.