व्हीपीएन गेटवे किती मोठा घ्यावा? माणसं ८० वरून २०० होणारेत

प्रश्न: जळगाव एमआयडीसीत आमची कंपनी आहे, व्हीपीएनवर सध्या ८० जण आहेत, पुढच्या वर्षी २०० होतील. सिस्को एएसए ५५०८-एक्स आहे, फुल टनेल, लाईन १०० एमबीपीएसची. फक्त लायसन्स वाढवून भागेल का?

उत्तर:

नाही भागणार भाऊ. या डब्याला एनीकनेक्टची एकावेळी १०० सेशनची हार्डवेअर मर्यादा आहे, लायसन्स हजाराचं घ्या नाहीतर दोन हजाराचं, १०१वा माणूस आत येणारच नाही. वर हे मॉडेल विकणं कंपनीने कधीच बंद केलंय, त्यामुळे त्याच्यावर आता पैसा घालू नका.

पण नवीन किती मोठा घ्यायचा हे डोकी मोजून ठरवू नका, एकावेळी किती जण आत असतात ते बघा. डब्यावर हे टाका:

```
show vpn-sessiondb summary
```

त्यात Peak Concur नावाचा रकाना दिसेल, म्हणजे डबा शेवटचा रीस्टार्ट झाल्यापासून एकाच वेळी सगळ्यात जास्त सेशन किती होते ते. समजा ८० माणसांत ५२ आलं, म्हणजे ६५ टक्के, त्या हिशोबाने २०० चे १३० होतात आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की साहेब स्वतःच घरून काम करा म्हणतात, किंवा पावसात भुसावळकडून येणाऱ्यांचा रस्ता अडतो, त्या दिवशी ९० टक्के लोक व्हीपीएनवर असतात. म्हणून १८० धरा. हाच आकडा उलटा लावला तर तुमचा आत्ताचा डबा साधारण ११० माणसांवरच अशा एखाद्या दिवशी भरेल, २०० ची वाट बघायची गरजच नाही.

अजून एक, मोबाईलवर पण व्हीपीएन टाकून ठेवणारे असतील तर एक माणूस दोन सेशन खातो. एएसएवर एका युजरला एकावेळी ३ लॉगिन चालतात असं डिफॉल्ट असतं (vpn-simultaneous-logins), ते खरंच लागतं का बघा, नाहीतर १ किंवा २ करा, मोजणी पण खरी येईल.

लायसन्सचा हिशोब मात्र वेगळा, इथे लोक हमखास गोंधळतात. सिक्योर क्लायंटचं अ‍ॅडव्हान्टेज किंवा प्रीमियर घेतलं तर ते युनिक युजरवर असतं, म्हणजे वर्षातून एकदा जोडणारा अकाउंटवाला पण मोजला जातो, तिथे २०० च लागतील. व्हीपीएन ओन्ली म्हणून जे मिळतं ते एकावेळच्या सेशनवर, पण ते एकाच गेटवेपुरतं असतं. तीन शिफ्टचा कारखाना असेल आणि माणसं आळीपाळीने येत असतील तर हे स्वस्त पडू शकतं, सगळे दहा ते सहावाले असतील तर फार फरक नाही पडत.

आता लाईन. फुल टनेलमध्ये घरी बसलेल्याने यूट्यूब लावलं तरी तो डेटा आधी ऑफिसच्या लाईनवर खाली येतो आणि मग एन्क्रिप्ट होऊन त्याच लाईनवरून वर जातो, म्हणून अपलोड आधी मरतो. सोमवारी सकाळी १० ते १२ चा अपलोडचा ग्राफ पाच-पाच मिनिटांच्या सरासरीने बघा, दिवसाची सरासरी काढली तर रात्रीची शांतता त्यात मिसळते आणि सगळं छान दिसतं. समजा ५२ सेशनला ४० एमबीपीएस जातंय, म्हणजे माणशी पाऊण एमबीपीएसच्या आसपास, १८० ला साधारण १४०. लाईन ७० टक्क्यांच्या वर भरू द्यायची नसेल तर २०० एमबीपीएस घ्या, आणि ती लीज्ड लाईनच, साध्या ब्रॉडबँडवर जाहिरातीत दिसतो तो आकडा डाउनलोडचा असतो बऱ्याचदा.

५५०८-एक्सचा डेटाशीटवरचा व्हीपीएन थ्रूपुट १७५ एमबीपीएस आहे, पण ते मोठ्या पॅकेटवर, सगळं अनुकूल असताना मोजलेलं. फोन कॉल आणि रिमोट डेस्कटॉपची पॅकेटं बारीक असतात, खऱ्या वापरात मी अर्धाच धरतो. नवीन डबा घेताना पण असंच, १४० पाहिजे तर डेटाशीटवर किमान ३०० दिसला पाहिजे, आणि व्हीपीएनचाच आकडा बघा, विक्रेता फायरवॉलचा मोठा आकडा आधी दाखवतो. टीम्स वगैरेची मीटिंग स्प्लिट टनेल करून थेट घरच्या नेटवरून सोडली (मायक्रोसॉफ्ट स्वतः हेच सांगतं) तर १४० बराच खाली येईल, फक्त सिक्युरिटीवाल्यांना आधी विचारा.

आणि आयपी पूल तपासा. जुना पूल /25 चा असेल तर त्यात १२६ च पत्ते असतात, लायसन्स शिल्लक, डबा रिकामा, तरी १२७वा माणूस अडकतो आणि सगळे लायसन्सलाच शिव्या घालतात. वीज गेली की अर्धवट तुटलेले सेशन पण काही वेळ पत्ता धरून बसतात, एएसएचा आयडल टाइमआउट डिफॉल्टला ३० मिनिटांचा आहे, म्हणून १८० ला /24 घ्या. नवीन रेंज दिली की नॅट एक्झेम्प्शन, एसीएल आणि आतल्या कोअर स्विचवरचा रूट पण बदला, नाहीतर माणूस कनेक्ट होईल पण टॅली उघडणार नाही.