हॉल तिकीट आलं की आधी नाव ताडून बघ

हॉल तिकीट डाउनलोड झालं की केंद्र कुठलं ते नंतर बघ. आधी ते ओळखपत्राशेजारी ठेव आणि दोन्हींवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एकावर पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर असेल, तर त्याच दिवशी हेल्पलाइनला ईमेल कर. गेटवरच्या माणसाला ते दुरुस्त करता येत नाही. ओळखपत्र मूळच ने, झेरॉक्सवर बहुतेक ठिकाणी अडवतात. प्रिंटवरचा फोटो काळपट आला असेल तर दुसरी काढ. आणि सहीची चौकट घाईने भरू नकोस, बऱ्याचदा ती पर्यवेक्षकासमोरच करायची असते.

पेनांचं फार मनावर घेऊ नकोस. सूचनांत दिलेल्या रंगाची, आधी चालवून बघितलेली दोन पुरेत.

वेळेचा हिशेब मात्र पेपरपासून नाही, गेट बंद होण्यापासून उलटा मांड. समज, पेपर 10 ला आहे, गेट 9:30 ला बंद होतं आणि प्रवास 50 मिनिटांचा आहे. रांगेसाठी 45 आणि गाडी चुकली तर म्हणून 30 मिनिटं धरलीस, की 7:25 ला घराबाहेर पडायला हवं. एकाच नावाच्या दोन शाखा असू शकतात, म्हणून नकाशात पत्ता पिनकोडसकट टाक.