मनगटावरचं ते इसब नव्हतं

"दोन्ही मनगटांवर आणि नडग्यांवर जांभळट, चपट्या पुळ्या आल्यात. खाज इतकी की रात्री झोप नाही. मेडिकलवाल्याने इसब म्हणून ट्यूब दिली, तीन महिने लावली. दबतं आणि परत येतं. हे नक्की काय आहे? घरात कुणाला लागेल का?"

मला वाटतोय तोच आजार असेल तर लागणार नाही, हे आधी सांगते. मग टॉवेल वेगळा ठेवायला नको, लेकरांना जवळ घ्यायला घाबरायला नको. नक्की काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता येत नाही. पण तुम्ही लिहिलंय ते वाचून मला अमळनेरकडच्या एक मावशी आठवल्या, त्यांना लायकेन प्लॅनस नावाचा कातडीचा आजार निघाला होता. त्यांची गोष्ट सांगते. धुळ्यात एका त्वचारोग दवाखान्यात मी समुपदेशनाचं काम करते. डॉक्टरांनी तपासलं की पेशंट माझ्यासमोर बसतो आणि खरे प्रश्न तिथे निघतात.

मावशी चव्वेचाळीसच्या, घरची कापसाची शेती. ऐन वेचणीच्या दिवसांत आल्या. पदराखालून हात पुढे केला आणि म्हणाल्या, "ताई, हाई काय शे? रातभर खाज येस." सोबतच्या जाऊबाईंनी निदान घरूनच करून आणलं होतं: कापसावरच्या फवारणीची ॲलर्जी, म्हणजे इसब. पिशवीत चार दाबून संपवलेल्या ट्यूबा होत्या. चारही त्याच जातीच्या, स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेल्या. आमच्या भागात अंगावर काहीही उठलं तरी आधी हीच ट्यूब मिळते, आणि त्याचा मला राग आहे. तिने खाज चार दिवस दबते, मूळ चित्र पुसट होतं आणि नंतर बघणाऱ्याला निदान अवघड जातं.

मावशींचं चित्र मात्र फार पुसलेलं नव्हतं. नाडी बघतात त्या जागी, मनगटाच्या आतल्या बाजूला, मसुराच्या डाळीएवढ्या पुळ्या होत्या. माथा सपाट आणि तिरपं धरलं की चकाकणारा, कडा कोरल्यासारख्या कोनदार. पुस्तकात रंग जांभळा लिहितात. आपल्या सावळ्या कातडीवर तो पिकलेल्या जांभळाचा किंवा राखाडी-तपकिरी दिसतो, त्यामुळे "जांभळं नाही, म्हणजे ते नसेल" असं धरू नका. डॉक्टरांनी एका पुळीवर खोबरेल तेलाचा थेंब टाकला, टॉर्च धरला आणि मलाही बोलावून दाखवलं. माथ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक पांढऱ्या रेघा होत्या. त्यांना विकहॅमच्या रेषा म्हणतात. इसबात त्या नसतात.

दुसरी खूण उजव्या हातावर होती. वाळलेल्या बोंडाची टोकं वेचताना हाताला ओरखडतात, हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. मावशींच्या ओरखड्यावर, अगदी त्याच रेषेत, सहा-सात पुळ्या माळेसारख्या उठल्या होत्या. या आजारात कातडीला जिथे इजा होते तिथे नवी पुळी उगवू शकते. घरच्यांनी कापसाला दोष दिला तो पूर्ण चुकीचा नव्हता. कापसाने आजार आणला नव्हता, पण पुळ्यांना जागा त्यानेच दाखवली होती.

मग डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं. मावशी बुचकळ्यात पडल्या, खाज हाताला आणि बघायचं तोंडात? दोन्ही गालांच्या आत पांढरी जाळी होती. त्यांना तिचा पत्ताच नव्हता, फक्त दोन महिन्यांपासून ठेचा जरा जास्तच झोंबत होता. म्हणून तुम्हीही आज आरशासमोर उभ्या राहा, गाल बोटाने बाहेर ओढा आणि आत बघा.

आजाराचं नाव लायकेन प्लॅनस. इरॅस्मस विल्सन नावाच्या इंग्रज डॉक्टराने 1869 मध्ये ते ठेवलं. लायकेन म्हणजे दगडफूल, आपण काळ्या मसाल्यात टाकतो तेच. हे सांगितल्यावर मावशी पहिल्यांदा हसल्या.

इसब आणि हा आजार वेगळे कसे, ते मी कातडीच्या थरांवरून समजावते. इसबात वरच्या थरात सूज येऊन पाणी भरतं. म्हणून ते ओलं होतं, लस गळते, खपली धरते, मग कोरडं पडून कोंडा सुटतो. त्याची कड कुठे संपते ते बोट ठेवून सांगता येत नाही, आणि त्यावर नखांचे ओरखडे असतात. लायकेन प्लॅनसमध्ये आपल्याच रक्षक पेशी कातडीच्या सगळ्यात खालच्या थरावर चाल करून जातात. वर पाणी भरत नाही, म्हणून पुळी सहसा गळत नाही. खाज मरणाची असली तरी बरेच पेशंट नख लावण्याऐवजी घासतात. मावशी मनगट साडीच्या काठावर घासत होत्या.

ट्यूबांनी गोंधळ घातला होता आणि नडगीवरचे चट्टे जाड झाले होते, म्हणून डॉक्टरांनी तिथून चार मिलिमीटरचा तुकडा तपासायला पाठवला. जागा बधिर करून काढतात, एखादा टाका पडतो. रिपोर्टने निदान पक्कं केलं. रक्ताची हिपॅटायटिस सीची तपासणीही झाली, कारण काहींमध्ये दोन्ही एकत्र सापडतात. त्यांची निगेटिव्ह आली. चालू गोळ्याही विचारल्या. बीपीच्या आणि मलेरियाच्या काही औषधांनी हुबेहूब असं पुरळ येतं. तुम्ही काही गोळ्या घेत असाल तर त्यांचं पाकीट सोबत न्या, पण मनाने बंद करू नका.

उपचारात मलम स्टिरॉइडचंच होतं, पण तीव्र, एकटं आणि हिशेबाने. बोटाच्या शेवटच्या पेरावर पिळलेली मलमाची रेघ दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. ते दिवसातून दोनदा फक्त पुळ्यांवर, चार आठवडे, मग डॉक्टर सांगतील तसं कमी करत. चेहऱ्यावर आणि जांघेत नाही. मावशी आधी खाज सुटेल तेव्हाच लावायच्या, थांबली की बंद. म्हणून ते परत परत उठायचं. रात्रीसाठी खाजेची गोळी दिली. तोंडातल्या जाळीला दुखणं नव्हतं म्हणून औषध नाही, पण मिसरी बंद करायला सांगितली आणि वर्षातून एकदा तोंड दाखवायला. अशा जाळीच्या जागी पुढे कर्करोग होण्याची शक्यता थोडी का होईना असते. तिथे जखम होऊन दोन आठवड्यांत भरली नाही, तर वर्षाची वाट बघायची नाही.

दोन महिन्यांनी मावशी रडवेल्या होऊन आल्या. "ताई, काळं पडलं, वाढलं." मी त्यांना डोळे मिटायला लावले आणि त्यांचंच बोट मनगटावरून फिरवलं. काहीच लागलं नाही, सगळं सपाट. पुळ्या गेल्या होत्या, डाग उरले होते. रंग असतो तो नेमका त्या खालच्या थरात. तो थर दुखावला की रंग खाली सांडतो आणि निवळायला कित्येक महिने, कधी वर्षाच्या वर लागतं. डागावर तीव्र मलम घासत राहिलं तर कातडी पातळ होते, डाग जात नाही. मावशी तेच करत होत्या. डॉक्टरांनी मनगटाचं मलम तिथेच थांबवलं.

कातडीवरचा हा आजार बहुतेकांत एक-दोन वर्षांत आपोआप ओसरतो. नडगीवरचे जाड चट्टे मात्र चिवट असतात. मावशींचा एक अजून आहे, त्यात डॉक्टर महिन्याला बारीक सुई देतात. यंदा त्या वेचणीला गेल्या त्या यजमानांच्या जुन्या फुल बाह्यांच्या शर्टात, कफाची बटणं लावून.

तुम्ही डॉक्टरांकडे जाताना ती ट्यूब सोबत न्या, आणि नखं बघून घ्या. नखांवर उभ्या रेघा पडत असतील, नख पातळ होत असेल किंवा डोक्यात केसांचा एखादा चट्टा मोकळा झाला असेल, तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका. तिथे हा आजार वण ठेवून जातो, आणि गेलेले केस मग परत येत नाहीत.